ठिपका जागेवर, नजर ओळखीची

"चित्र सुरेख झालंय, पण हा आमचा नाही वाटत." कुत्र्यामांजरांची चित्रं काढणाऱ्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. केस मऊ दिसत असतात, डोळे चमकत असतात, रंगही फोटोतलेच असतात. तरी घरातली माणसं चित्रासमोर उभी राहून काहीतरी शोधत राहतात. नेमकं काय चुकलंय ते त्यांना सांगता येत नाही, पण चुकलंय हे त्यांना पहिल्याच क्षणी कळलेलं असतं.

या चुकीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. चित्रकाराने सगळी मेहनत केसांवर घेतलेली असते आणि प्राण्याची ओळख असते वेगळ्याच ठिकाणी. दोन डोळ्यांमधलं अंतर, डोळ्यांपासून नाकापर्यंतची लांबी, गडद आणि फिक्या भागांची मांडणी, आणि डाव्या-उजव्या बाजूंमधले लहानसहान फरक यांतून ती ओळख उभी राहते. हे जागेवर असलं तर दहा-बारा फटकाऱ्यांतलं चित्रही ओळखू येतं. ते हललं तर एकेक केस रंगवूनही उपयोग होत नाही.

हे काम पायरीपायरीने कसं चालतं ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आठ वर्षांची काळी गावठी कुत्री, नाव चिंगी. दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपके आहेत, त्यांतला तिच्या डाव्या डोळ्यावरचा जरा मोठा. कपाळावरून निघालेली पांढरी रेघ नाकाशी येताना तिच्या उजवीकडे वळते. उजव्या कानाचं टोक दुमडलेलं, छातीवर पांढरा डाग, आणि वयामुळे तोंडाभोवती पिकलेले केस. काळा प्राणी मुद्दाम निवडला आहे, कारण फोटोवरून रंगवायला तो सर्वांत अवघड असतो.

पहिला प्रश्न फोटोचा. घरच्यांचा आवडता फोटो बहुधा फोन अगदी तोंडाजवळ नेऊन काढलेला असतो. अशा फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. याचं गणित सोपं आहे. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं नाक डोळ्यांपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर पुढे असतं. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर डोळे 40 सेंटिमीटरवर येतात, म्हणजे डोळ्यांच्या मानाने नाक सुमारे तेहतीस टक्के मोठं उमटतं. तोच फोन 180 सेंटिमीटरवर नेला तर हा फरक साडेपाच टक्क्यांवर येतो. म्हणून पाच-सहा फूट मागे सरकून, थोडं झूम करून आणि फोन प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणून काढलेला फोटो चित्रासाठी चांगला. जवळून काढलेल्या फोटोवरून इमानाने चित्र काढलं तर ती विकृतीही इमानाने उतरते. फोटोत ती आपल्याला खटकत नाही, कारण फोन असंच दाखवतो याची सवय झालेली असते; चित्रात मात्र ती खटकते.

दुसरी काळजी उजेडाची. फ्लॅश नको. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे उजेड परतवणारा एक थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे पेटतात आणि बाहुलीचा खरा रंग कळत नाही. शिवाय समोरून पडणारा झगझगीत उजेड चेहऱ्यावरच्या सावल्या पुसून टाकतो आणि चेहरा सपाट होतो. खिडकीशेजारी, उजेड एका बाजूने येईल असं बसवावं. मांजरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. भर उन्हात मांजराची बाहुली उभ्या चिरेसारखी बारीक होते आणि मंद उजेडात मोठी गोल होते. मांजर तेच, पण एका फोटोत ते कठोर वाटतं आणि दुसऱ्यात भाबडं. घरच्यांच्या मनात कोणतं मांजर आहे हे फोटो निवडतानाच विचारून घ्यायला हवं.

चिंगीसारख्या काळ्या कुत्रीला फोनचा कॅमेरा आणखी फसवतो. चेहऱ्याने चौकट भरली असेल तर फोन उजेड वाढवतो आणि काळा रंग राखाडी होतो. पाठीमागे उजळ आकाश असेल तर उलट घडतं, सगळा चेहरा एकच काळा डाग होतो. पडद्यावर तिच्या चेहऱ्याला बोट लावून उजेड कमी-जास्त करत दोन-तीन फोटो घेतले, की एकात सावलीतले तपशील मिळतात आणि एकात खरा काळेपणा.

म्हणून चित्रासाठी एक मुख्य फोटो आणि चार-पाच पुराव्याचे फोटो लागतात. बसण्याची ढब, उजेडाची दिशा आणि चेहऱ्यावरचा भाव मुख्य फोटोतून घ्यायचा. बाकीचे फोटो डागांची जागा, डोळ्यांचा रंग, कानाची घडी हे तपासण्यापुरते. मुख्य फोटो दोन वर्षांपूर्वीचा आणि पुराव्याचे आजचे असले तर आधी वय ठरवावं; नाहीतर तरुण चेहऱ्यावर पिकलेलं तोंड येऊन बसतं. फोटो मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावं, म्हणजे तो दाबून लहान होत नाही. आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो जपून वापरावेत. काही फोन ते आरशातल्यासारखे उलटे साठवतात. तसा फोटो मुख्य म्हणून घेतला तर चिंगीचा दुमडलेला कान डावा होईल, रेघ भलतीकडे वळेल, आणि चित्र कितीही हुबेहूब असलं तरी घरच्यांना ती दुसरीच कुणी वाटेल. फोटोत पाटी, कॅलेंडर असं काही अक्षरांचं असेल तर ते सरळ वाचता येतंय का हे पाहिलं की उलगडा होतो.

आता रेखाटन. चिंगीचा फोटो तीनास चार प्रमाणात कापून ए-फोर कागदावर 20 बाय 26.7 सेंटिमीटर छापला. कॅनव्हास 30 बाय 40 सेंटिमीटर, म्हणजे बरोबर दीडपट. फोटोवर 2 सेंटिमीटरच्या चौकटी पाडल्या आणि कॅनव्हासवर 3 सेंटिमीटरच्या. चौकटींची ही पद्धत शाळेत अनेकांनी वापरलेली असते. पण चौकटीतून चौकटीत रेषा उतरवत गेलं तर लहान चुका साठत जातात. म्हणून आधी फक्त तीन बिंदू घ्यावेत: दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे आणि नाकाचा मध्य. छापलेल्या फोटोत चिंगीच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर 3 सेंटिमीटर आहे, म्हणजे कॅनव्हासवर साडेचार. त्या रेषेपासून नाकाचा मध्य 4.4 सेंटिमीटर, म्हणजे कॅनव्हासवर 6.6. हा त्रिकोण मोजपट्टीने तपासून पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. इथे चार-पाच मिलिमीटरची चूक झाली तर तोंड आखूड किंवा लांब होतं आणि चित्रात दुसऱ्याच कुत्र्याचा चेहरा येतो.

त्रिकोणानंतर कपाळाच्या मध्यापासून हनुवटीपर्यंत डोक्याची मधली रेषा हलकेच आखावी. प्राणी डोकं जरा तिरकं करून बसलेला असतो, म्हणून ही रेषाही तिरकी असते आणि दोन डोळ्यांना जोडणारी रेषा तिला साधारण काटकोनात छेदते. आपला हात नकळत डोळे आडव्या पातळीत आणायला पाहतो. तसं झालं की डोकं एका कोनात आणि डोळे दुसऱ्या कोनात दिसतात, आणि पाहणाऱ्याला कारण न कळताच अस्वस्थ वाटतं.

डागांची पाळी यानंतर येते. डाग म्हणजे सपाट कागदावरचा नकाशा नव्हे. तो गोलाकार डोक्यावर, फुगीर गालावर, उतरत्या नाकावर पसरलेला असतो आणि त्या वळणांबरोबर आखडतो किंवा रुंदावतो. याचा उत्तम धडा आपल्याकडच्या एका जुन्या चित्रात आहे. 1621 मध्ये बादशहा जहांगीरला एक झेब्रा भेट म्हणून मिळाला. ते पट्टे कुणीतरी घोड्यावर रंगवले असावेत अशी काहींना शंका आली. नीट तपासल्यावर ते निसर्गाचेच आहेत हे पटलं, असं जहांगीरने आपल्या आठवणींत लिहिलं आहे. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने या झेब्र्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या चित्रात पट्टे एकसारख्या जाडीचे नाहीत. तोंडावर ते बारीक आणि दाट आहेत, अंगावर रुंद आहेत, आणि शरीराच्या गोलाईबरोबर वळत जातात. घाटावर बसवल्यामुळेच ते पट्टे त्या जनावराचे वाटतात.

चिंगीच्या बाबतीत याचा अर्थ असा. तिने डोकं थोडं वळवलेलं आहे, त्यामुळे तिच्या डाव्या डोळ्यावरचा मोठा ठिपका फोटोत आखडलेला दिसतो आणि दोन्ही ठिपके जवळजवळ सारखे वाटतात. ते तसेच ठेवावेत. डावा मोठा आहे हे माहीत आहे म्हणून तो फुगवून काढला तर डोक्याचं वळण मोडतं. याच्या उलट मोह पांढऱ्या रेघेच्या बाबतीत होतो. ती नाकाशी वाकडी होते आणि हाताला ती सरळ करावीशी वाटते. ती वाकडीच राहायला हवी, कारण घरच्यांच्या डोळ्यांत तीच बसलेली असते. म्हणून रंग लावण्याआधी एका कागदावर डागांची यादी करावी आणि ती घरच्यांना दाखवावी. यादीत 'तिचा उजवा' असं लिहावं, 'चित्रातला उजवा' असं नाही. नाहीतर समोरासमोर बसलेल्या चेहऱ्यात डावं-उजवं हमखास उलटतं. कोणती खूण राहिली आहे हे घरचे लगेच सांगतात. फोटोत न दिसणारी पण त्यांच्या रोजच्या पाहण्यातली एखादी खूण याच वेळी हाती लागते.

डागांच्या कडाही पाहायला हव्यात. चिंगीचे केस आखूड आहेत, म्हणून रेघेची कड बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. छातीवरचे केस लांब आहेत, तिथे पांढरे केस काळ्यांवर आणि काळे पांढऱ्यांवर येतात, त्यामुळे कड दातेरी होते. दोन्ही ठिकाणी सारखीच कड काढली की डाग वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

मग रंग. त्याआधी फोटोची एक कृष्णधवल प्रत काढून डोळे बारीक करून पाहावं. सगळा चेहरा चार-पाच टोनांत बसतो: सर्वांत गडद, गडद, मधला, फिका, सर्वांत फिका. इथे एक आश्चर्य दिसतं. खिडकी आपल्या डाव्या हाताला आहे. नाकाच्या ओलसर काळ्या कातड्यावर पडलेली चमक छातीच्या सावलीतल्या पांढऱ्या डागापेक्षा उजळ आहे. डोकं सांगतं, पांढरं ते पांढरं आणि काळं ते काळं. त्या सांगण्यावर विसंबून रंगवलं तर छाती पुढे उडी मारते आणि चेहरा मागे पडतो. ओळखीसाठी रंगापेक्षा टोन महत्त्वाचा आहे. तांबूस ठिपक्याची छटा जरा चुकली तर चालतं, टोन चुकला तर भुवईच बदलते.

काळ्यासाठी ट्यूबमधला काळा रंग एकटा वापरला तर तो कॅनव्हासवर भोकासारखा दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळून जिवंत काळा मिळतो. निळा वाढवला की तो थंड होतो, अंबर वाढवला की उबदार. खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर काळ्या केसांवरची चमक निळसर राखाडी असते, आणि उन्हात तीच तांबूस होते, तिथे बर्न्ट सिएना लागतो. तांबूस ठिपक्यांसाठी यलो ऑकरमध्ये थोडा बर्न्ट सिएना आणि कणभर टायटॅनियम व्हाइट. अ‍ॅक्रिलिक वापरत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ओला असताना हा रंग किंचित फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. काळ्यातल्या बारीक छटा यामुळे वाळल्यावर गायब होतात. प्रत्येक छटा आधी कोऱ्या कागदावर लावून, वाळवून, मगच कॅनव्हासवर घ्यावी.

अ‍ॅक्रिलिकमध्ये गडदाकडून फिक्याकडे जाणं सोयीचं. आधी मोठ्या ब्रशने सावल्यांचे सलग भाग, मग मधले टोन, शेवटी चमक. या टप्प्यावर एकही केस काढायचा नाही. हे सपाट भाग असतानाच चिंगी ओळखू यायला हवी. येत नसेल तर थांबून मापं पुन्हा तपासावीत, कारण यापुढे केस रंगवून काहीही दुरुस्त होणार नाही.

केसांच्या आधी डोळे. कुत्र्याच्या डोळ्यात पांढरा भाग फारच थोडा दिसतो, आणि तो जरा जास्त दाखवला की नजर माणसासारखी किंवा भेदरलेली होते. वरची पापणी डोळ्यावर सावली टाकते, म्हणून बुबुळाचा वरचा भाग गडद असतो. उजेड डावीकडून वरून येतो, तेव्हा चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत वर डावीकडे पडतो आणि बुबुळाचा तपकिरी रंग त्याच्या समोर, खाली उजवीकडे, सर्वांत खुलतो. हा तपकिरी उजेड काढला की डोळ्याला खोली येते. चमकेचा ठिपका लहान ठेवावा, त्यात आकाशाचा किंचित निळा असावा आणि तो बाहुलीच्या मधोमध तर कधीच नसावा.

भाव मात्र डोळ्याच्या गोळ्यात फारसा नसतो, तो सभोवती असतो. कुत्र्यांना भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक स्नायू असतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्रे आणि लांडगे यांच्या चेहऱ्यांच्या स्नायूंची तुलना केली गेली. कुत्र्यांमध्ये हा स्नायू नीट तयार झालेला आढळला, लांडग्यांमध्ये त्याच्या जागी तुरळक तंतू होते. आपल्याला विरघळवणारी ती केविलवाणी नजर या हालचालीतून येते. चिंगीच्या भुवईवर नेमके तांबूस ठिपके आहेत, म्हणून तिची प्रत्येक हालचाल दुरूनही कळते. मुख्य फोटोत तिच्या उजव्या भुवईचा आतला कोपरा थोडा वर आहे. चित्रात तो ठिपका दोन-तीन मिलिमीटर खाली सरकला तर चौकस चिंगी झोपाळू होते. कानांच्या मुळाचा कोन आणि ओठांचे कोपरे हीही भावाची ठिकाणं आहेत. ही सगळी मुख्य फोटोतूनच घ्यावीत. एका फोटोतले डोळे आणि दुसऱ्यातलं हसरं तोंड जोडलं की कुठलाच भाव उरत नाही.

आता केस. त्यांच्या दिशेचा एक साधा बाणांचा नकाशा फोटोच्या प्रतीवर काढून ठेवावा. नाकाच्या माथ्यापासून केस वर आणि मागे जातात, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांपासून पंख्यासारखे पसरतात, गालावरून मागे वळतात, छातीवर खाली येतात आणि कुठेकुठे भोवरे असतात. नाकावर केस जेमतेम काही मिलिमीटरचे, मानेवर बोटाएवढे. एकाच लांबीचे फटकारे सगळीकडे मारले की आखूड केसांची कुत्री झिपरी होते. केस स्पष्ट दाखवायचे ते तीनच ठिकाणी: उजेड सावलीत वळतो तिथे, डागांच्या कडांवर, आणि पार्श्वभूमीला लागलेल्या बाह्यरेषेवर. बाकी भाग सलग राहू द्यावेत. पिकलेल्या तोंडासाठी शुद्ध पांढरे केस काढू नयेत. काळ्यावर फिका राखाडी पातळ थर द्यावा आणि त्यावर मोजकेच उजळ फटकारे.

चित्र जमलंय की नाही हे घरच्यांना दाखवण्याआधी स्वतःच तपासता येतं. चित्राचा फोटो काढून मुख्य फोटोशेजारी ठेवावा आणि दोन्ही अंगठ्याच्या नखाएवढे लहान करावेत. तेवढ्यात टोनांची चूक उघडी पडते. मग दोन्ही उलटे फिरवून पाहावेत, म्हणजे मापांची चूक दिसते. घरच्यांची तक्रार मात्र शब्दशः घेऊ नये. 'डोळे वेगळे वाटतात' असं ते म्हणतात तेव्हा डोळ्यांचा आकार बरोबर असतो आणि अंतर चुकलेलं असतं. 'म्हातारी दिसते' म्हटलं तर डोळ्यांखालच्या सावल्या जास्त गडद झालेल्या असतात. 'दुसऱ्या जातीची वाटते' याचा अर्थ तोंडाची लांबी. 'भुसा भरल्यासारखी' म्हटलं तर डोळ्यांतली चमक चुकीच्या जागी असते, किंवा सगळे केस सारखेच टोकदार असतात.

काही फोटोंपुढे मात्र ही सगळी पद्धत थांबते. गेलेल्या प्राण्याचा एकच अंधूक फोटो उरला असेल तर त्यात नसलेले डाग चित्रकाराने मनाने भरू नयेत. अशा वेळी चित्र लहान काढावं, कडा सावलीत विरू द्याव्यात, आणि जे खात्रीने दिसतं तेवढंच स्पष्ट ठेवावं. कल्पनेने भरलेला सुबक डाग घरच्यांना दर वेळी टोचतो. सावलीत सोडलेली जागा त्यांची आठवण आपोआप भरून घेते.

म्हणून घरात प्राणी असेल तर चित्र काढायचा विचार नसतानाही पाच फोटो आत्ताच काढून ठेवावेत. खिडकीच्या उजेडात, पाच-सहा फुटांवरून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर: एक समोरून, एक डावी बाजू, एक उजवी बाजू, एक उभं असताना पूर्ण शरीर, आणि एक ज्यात तो नेहमी तुमच्याकडे पाहतो तसा पाहतो आहे. पहिल्या चारांत खुणा मिळतात. पाचवा फोटो मात्र घरच्या माणसालाच काढता येतो, कारण ती नजर तो फक्त त्यांच्याकडेच वळवतो.